सात वाजताचं अंथरूण

वडिलांचं पत्र आलं तेव्हा ती एका ट्रक ड्रायव्हरची झोप वाचत होती.

वाचत होती म्हणजे अगदी शब्दशः. तिची नोकरीच ती. झोपेच्या तपासणीच्या विभागात रात्रपाळीवाले पेशंटच्या डोक्याला, हनुवटीला, छातीला वायरी चिकटवतात, मशीन रात्रभर रेघा काढत बसतं आणि सकाळी ही येऊन त्या रेघांची तीस-तीस सेकंदांची पानं एकेक करून तपासते. ही जाग, ही कच्ची झोप, ही गाढ, ही स्वप्नांची. एका माणसाच्या एका रात्रीची हजारभर पानं होतात. वीस वर्षं हेच केल्यावर समोरचा खरंच झोपलाय की झोपेचं सोंग करतोय, हे ती वायरींशिवायसुद्धा सांगू शकायची. घरी नवऱ्याला याचा भारी त्रास होता.

पत्र म्हणजे वहीचा अर्धा कागद. अक्षर तेच, चौकोनी, एकही काना वाकडा नाही.

"चि. लेकीस. मी ठीक. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. दिवसा खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतो. परवा जेवताना घास हातात असताना लागला. सगळे हसले. डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली, नंतर अर्धी वाढवली. मागच्या महिन्यात बाथरूमच्या दाराशी पडलो. हाड शाबूत आहे. तू या खात्यात आहेस म्हणून विचारतो, मी आळशी झालो आहे काय? लेखी कळवावे."

तिनं ते दोनदा वाचलं आणि तिला हसू आलं. ते हसू काही चांगलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा सहकारी मान वर करून बघायला लागला, तेव्हा तिनं कागद ड्रॉवरमध्ये सारला.

कारण हा प्रश्न कोण विचारत होतं? तिचा बाप एका कारखान्याच्या फाटकावर छत्तीस वर्षं टाइमकीपर होता. सातचा भोंगा झाला की फाटक बंद. सात वाजून एक मिनिटानं धापा टाकत आलेला कामगार, मग त्याची बायको बाळंत होवो की सायकल पंक्चर होवो, घरी परत. कामगारांनी त्याचं नाव भोंगेबुवा ठेवलं होतं आणि त्याला त्याचा राग नव्हता, उलट अभिमानच होता. फाटक संध्याकाळी घरी येताना तो बरोबर घेऊन यायचा, एवढंच. पहाटे पाचला लेकीच्या अंगावरचं पांघरूण एका हिसक्यात ओढलं जायचं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. "आळशी" हा शब्द त्या घरात मिठाइतका वापरला जायचा. आई चपाती लाटता लाटता दोन मिनिटं भिंतीला टेकली तरी तिच्या वाट्याला तो यायचा.

आणि मग ती सतरा वर्षांची असतानाची सकाळ. आई आजोळी गेली होती. बोर्डाचा गणिताचा पेपर. लेक रात्री दोनपर्यंत गणितं सोडवत बसली होती, नाहीतरी अकराच्या आत तिला झोप म्हणून यायची नाही. दिवा बंद करून पडलं तरी छताकडे बघत राहायची. आदल्या रात्री बापानं जाहीर केलं होतं, "उद्या मी उठवणार नाही. ज्याला गरज असते तो आपला आपण उठतो." तिला वाटलं, बोलतायत. गजर लावला होता, तो वाजून वाजून थांबला. तिला जाग आली सव्वाअकराला. पेपर नऊचा होता. बाहेरच्या खोलीत बाप खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होता. तो त्या दिवशी रजेवर होता. मुद्दाम रजा टाकून, बाहेर बसून, त्यानं तिला झोपू दिलं होतं.

एक वर्ष गेलं, आणि त्या वर्षाबरोबर इंजिनिअरिंगला जायचं जे काही चाललं होतं तेही गेलं. यावर बाप आणि लेक आजवर एक अक्षर बोलले नव्हते. सत्तावीस वर्षं झाली. आई गेली, लेकीचं लग्न झालं, बाप एकटा राहिला, पाय थकले, आणि "तुझ्या घरी तुझी माणसं आहेत, मला वेळापत्रकाची जागा हवी" असं म्हणून स्वतःच वृद्धाश्रमात राहायला गेला. तिनं फारसा आग्रह केला नाही. आणि आता पंचाऐंशीला टेकलेला हा माणूस विचारत होता, मी आळशी झालो आहे काय. तिला वाटलं, लिहावं फक्त 'होय' आणि टाकावं पोस्टात.

पण ते पडणं तिच्या मनातून जाईना. म्हातारा माणूस, त्यात झोपेची गोळी, त्यात बाथरूमचं दार. असे पडलेले लोक पुढे किती दिवस काढतात ते ती दवाखान्यात बघत होती. तिनं वृद्धाश्रमात फोन लावला. फोन मावशींनी घेतला. तिथल्या दिवसपाळीच्या बाई, सगळे त्यांना मावशीच म्हणत.

"मावशी, बाबा झोपतात किती वाजता?"

"सातला, ताई."

"रात्री सातला?"

"मग! सहाला जेवण, साडेसहाला गोळ्या, सातला दिवे बंद. आमची पाळी साडेसातला सुटते ना. एकोणीस माणसं आहेत. सगळ्यांना अंथरुणात घालूनच निघावं लागतं, रात्रीला एकटीच बाई असते. ती तरी कुणाकुणाला उचलेल?"

"आणि तीनला जागे असतात हे कुणाला कळतं?"

"रात्रीची बाई तीनला फेरी मारते. जो जागा असेल त्याच्यापुढे तक्त्यात फुली. फुल्या जास्त झाल्या की डॉक्टर गुरुवारी गोळी वाढवतात. तुमच्या बाबांच्या तर रोजच फुल्या!"

फोन ठेवून तिनं बोटांवर मोजलं. सात ते तीन. आठ तास. शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या जोरात तिनं एक शिवी हासडली.

पत्र तिनं तीनदा लिहिलं. पहिलं चार ओळींचं होतं आणि त्यात शास्त्र होतं. दुसरं नऊ पानी होतं आणि त्यात शास्त्राला जागाच उरली नव्हती. तिसरं तिनं कामावर, जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता लिहिलं.

"बाबा,

लेखी मागितलंत, लेखी देते. मायना तुम्हाला लागतो तसा घातलेला नाही, चालवून घ्या.

तुम्ही आळशी झालेला नाहीत. तुम्हाला निद्रानाशही झालेला नाही. तुम्हाला सातला झोपवतात. सात ते तीन आठ तास होतात. तुमच्या फाटकावर आठ तास भरलेल्या माणसाला तुम्ही घरी सोडायचात. तीनला तुमची झोप भरलेली असते, तिला सोडा.

आता हे का होतं ते. डोळ्यांच्या मागे, मेंदूत तळाशी, पेशींचा एक बारका पुंजका आहे. शरीराचं घड्याळ तेच. कधी पेंग आणायची, कधी अंग गार पाडायचं, कधी जागं करायचं, हे तो ठरवतो आणि डोळ्यांत येणाऱ्या उजेडावरून स्वतःला रोज जुळवून घेतो. वय वाढलं की हे घड्याळ पुढे सरकतं. झोप लवकर येते, जागही लवकर येते. तुम्ही ठरवून नाही हे करत. शिवाय म्हातारपणी त्याचा आवाज बारीक होतो. पूर्वी ते ठणकावून सांगायचं, हा दिवस आणि ही रात्र, आता पुटपुटतं. म्हणून रात्रीत थोडी जाग शिरते आणि दिवसात थोडी झोप.

त्यात उजेडाची बोंब. डोळ्यातलं भिंग वयानं पिवळं पडतं, बाहुली लहान होते, आणि घड्याळाला जो निळसर उजेड लागतो तो आत कमी पोचतो. तुमच्या हॉलमधला उजेड तुम्हाला लख्ख वाटतो, पण ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर त्याच्या कित्येक पट असतो. तुम्ही दिवसभर आत बसता. घड्याळाला बिचाऱ्याला दिवस उजाडल्याचं कळायचं कसं?

दुसरी गोष्ट. गाढ झोप तरुणपणी भरपूर असते, तुमच्या वयाला ती फार थोडी उरते. बाकीची सगळी कच्ची. रात्रीच्या बाईच्या चपला वाजल्या, लघवीला लागली, की मोडली. मोडलेली झोप शरीर दिवसा भरून काढायला बघतं. आणि इथंच सगळं अडकतं. आपण जागे असतो तितका वेळ झोपेची भूक वाढत जाते. खुर्चीतली प्रत्येक डुलकी त्या भुकेतला एक घास खाते. मग रात्री भूक कमी, म्हणून झोप कमी, म्हणून दिवसा पुन्हा डुलकी. डुलकी गुन्हा नाही, पण तिला वेळ द्या: दुपारी तीनच्या आत, अर्धा तास, पुरे. घास हातात असताना झोप लागली त्यातला मोठा वाटा माझ्या मते गोळीचा आहे. तिचा अंमल सकाळीही उतरलेला नसतो. पडलात तेही तिच्यामुळे असू शकतं. तुमच्या वयाला या गोळीनं फायदा थोडा आणि पडायचं भय फार. पण गोळी मनानं एकदम बंद करायची नाही, त्रास होतो. डॉक्टरांना हे पत्र दाखवा आणि हळूहळू कमी करून मागा. झोपेत घोरता का, श्वास अडतो का, हेही त्यांना तपासायला सांगा. दिवसाच्या झोपेला तेही कारण असू शकतं.

करायचं एवढंच. संध्याकाळी चार ते सहा बाहेर, उघड्यावर, उजेडात बसा. तो उजेड घड्याळाला मागे ओढतो. पहाटे उठलात तर मोठा दिवा लावू नका, तो घड्याळाला आणखी पुढे ढकलतो. दुपारनंतर चहा नको. आणि अंथरुणावर साडेनऊच्या आत जायचं नाही. हे शेवटचं तुमच्या हातात नाही, मला ठाऊक आहे. ते संस्थेच्या हातात आहे. पण एकोणीस माणसांची झोप एका पाळीच्या सुटण्यावर बांधायची, हे बरोबर नाही, आणि हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं कोण सांगेल?

आता शेवटचं पान. हे तुम्ही विचारलेलं नाही.

हेच घड्याळ सोळा-सतरा वर्षांच्या पोरांमध्ये उलट्या बाजूला सरकतं. वयात येताना ते मागे पडतं. झोप आणणारा रस रक्तात उशिरा उतरतो, झोपेची भूकही सावकाश वाढते. रात्री अकरा-बाराच्या आत झोप येत नाही, आणि पहाटेचे पाच म्हणजे त्यांच्या शरीराला ऐन मध्यरात्र. त्यांना ओढून उठवलं तर ती उठतात, पण जागी होत नाहीत. तीही आळशी नसतात. हे त्यांनाही कुणी विचारून ठरवलेलं नसतं. हे मी रोज यंत्रावर बघते. मला हे एका माणसानं कधीतरी म्हणावं असं वाटत होतं, की ती आळशी नव्हती. तो माणूस तुम्ही आहात.

तुमची लेक."

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. "पत्र पोचले. उपयुक्त. रविवारी येणे, अकराला महत्त्वाची बैठक आहे." शेवटच्या पानाबद्दल चकार शब्द नव्हता. तरीही ती सकाळची पहिली बस पकडून गेली.

भोंगेबुवा तिला दारातच भेटले. दाढी घोटलेली, कोट घातलेला, हातात तिचं पत्र, वर पुठ्ठा लावून दोऱ्यानं शिवलेलं. शिवलं होतं शिंपीणआजींनी. त्या शेजारच्या खोलीत राहायच्या, आयुष्यभर मशीन चालवून गुडघे गेलेले, चाकांच्या खुर्चीत. बोटं मात्र अजून शाबूत होती.

"ही का ती!" शिंपीणआजी म्हणाल्या. "अगं, तुझं पत्र आम्हाला तोंडपाठ झालंय. रोज चहाला हे वाचून दाखवतात. मला वाटायचं मला भुताटकी झाली, अडीचला डोळे टक्क उघडे. गोळी घ्यायचे मुकाट्यानं. आता डॉक्टरांनी माझी पाव केलीय आणि ह्यांची तर मागच्या गुरुवारी बंदच."

हकीकत अशी होती. पत्र हाती पडताच भोंगेबुवांमधला जुना टाइमकीपर उठून बसला होता. त्यांनी पंधरा दिवस स्वतःचा तक्ता ठेवला: कुणाला कधी अंथरुणात घातलं, कोण कधी जागं झालं. एकोणीसपैकी चौदा माणसं चारच्या आत जागी आणि चौदाही जणांची झोप सात-आठ तास भरलेली. तो तक्ता घेऊन त्यांनी मागणी लिहिली होती: जेवण साडेसातला, अंथरूण साडेनऊला, आणि एका मावशीची पाळी दहापर्यंत. संस्थेची समिती तीन महिन्यांतून एकदा बसायची. राहणाऱ्यांच्या गाऱ्हाण्याला अकरा ते सव्वाअकरा एवढाच वेळ, आणि ज्याची मागणी त्यानं स्वतः उभं राहून सांगायची. नातेवाइकांना आत मज्जाव. मॅनेजरनं आडून सांगितलं होतं की तक्ता बघून समितीतले दोघं त्यांच्या बाजूला वळलेत. भोंगेबुवा नीट बोलले की काम झालंच.

हे सगळं ऐकताना तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. बापाच्या गालावर रंग होता. तो लिफ्ट सोडून पायऱ्यांनी, कठडा न धरता चढला. खोलीत गेल्यावर त्यानं तिला खुर्ची दिली आणि स्वतः खिडकीशी आरामखुर्चीत बसला. तिच्या पत्राच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत म्हणाला, "एक नंबर लिहिलंयस. मुद्देसूद."

"शेवटचं पान वाचलंत?"

"वाचलं की."

शेवटी तिलाच विचारावं लागलं, "मग?"

"मग काय? असेल तसं. तेव्हा हे शास्त्र कुणाला ठाऊक होतं?"

"शास्त्राचं जाऊ द्या, बाबा. त्या सकाळी तुम्ही बाहेरच्या खोलीत बसला होतात."

"होतो. आदल्या रात्री सांगितलं होतं, तसंच केलं. मी न सांगता काही केलंय का?"

"गजर वाजताना ऐकलात तुम्ही?"

"ऐकला." तो जराही अडखळला नाही. "आणि मला एक सांग, त्यातून वाईट काय झालं? एक वर्ष गेलं. पण तिथूनच तू ह्या लाइनला लागलीस ना? आज इथली सगळी माणसं तुझं नाव घेतात. तेव्हा उठवलं असतं तर कुठंतरी पुलाचे नकाशे काढत बसली असतीस. म्हणजे झालं ते बरंच झालं की नाही?" आणि त्यानं पुढे वाकून तिची पाठ थोपटली.

सत्तावीस वर्षांत त्यानं तिची पाठ थोपटली नव्हती. आज थोपटली ती स्वतःलाच शाबासकी द्यायला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं तिला वाटत आलं होतं की तो विसरला असेल, किंवा आठवून त्याचं मन त्याला खात असेल. दोन्ही खोटं निघालं. त्याला सगळं आठवत होतं आणि त्यात त्याला काहीही बोचत नव्हतं.

"दहा वाजून वीस झालेत," तो मनगट बघत म्हणाला. "बोलताना डोकं ताजं पाहिजे. तू लिहिलंयस तसा जरा डोळा लावतो. पावणेअकराला उठव."

"उठवते," ती म्हणाली.

तो दोन मिनिटांत झोपला. तिनं वाचायला सुरुवात केली, सवयच ती. आधी पापण्यांखाली बुबुळं सावकाश इकडून तिकडे लोळायला लागली, मग श्वास लांबला, मग हनुवटी सैल पडली. कच्ची झोप. हाक मारली असती तर लगेच उठला असता आणि म्हणाला असता, मी कुठं झोपलोय. असं सगळेच म्हणतात.

पावणेअकरा झाले. ती बसून राहिली. तिनं स्वतःला सांगितलं, अजून पाच मिनिटं, झोप पुरी होऊ दे. मग सांगितलं, तीनपासून जागा आहे, शरीराला गरज आहे. वीस वर्षांच्या अनुभवातून तिला अशी आणखी दहा कारणं देता आली असती आणि दहाही खरी असती. त्यातल्या एकाही कारणासाठी ती बसून राहिली नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अकराला पाच मिनिटं कमी असताना मावशी दारात आल्या. "ताई, खाली बोलावतायत. आजी तर कधीच्या जाऊन बसल्यात."

"तुम्ही व्हा पुढे," ती हळू आवाजात म्हणाली. "मी आणते त्यांना."

मावशी गेल्या. कॉरिडॉरमध्ये त्यांच्या चपला वाजत लांब गेल्या. बापाचा हात मांडीवरून घसरून खुर्चीच्या बाजूला लोंबकळला, बोटं सुजलेली, नखं नीट कापलेली. तिनं घड्याळ बघितलं नाही. खालून कुणीतरी काहीतरी मोठ्यानं पुकारल्याचं तिला ऐकू आलं, मग पुन्हा एकदा. तिला वाटलं होतं, या क्षणी काहीतरी हलकं वाटेल. पण तसं काही झालं नाही, आणि तरी ती उठली नाही.

जेवणाच्या ट्रॉलीच्या आवाजानं त्याला जाग आली. त्यानं डोळे उघडले, आधी तिच्याकडे बघितलं, मग मनगटाकडे. अकरा पस्तीस. तो खुर्चीतून निम्मा उठला आणि परत बसला.

"तू इथंच होतीस?"

"होते."

"जागी?"

"जागी होते."

ती भांडणाला तयार होती. मनातल्या मनात सत्तावीस वर्षं तयार केलेलं भाषण जिभेवर होतं. त्यानं एकदा ओरडावं, म्हणजे तिला ते सुरू करता येणार होतं. पण तो ओरडला नाही. तो तिच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्याला आता बोचत होतं. ते तिनं झोपेच्या रेघा वाचाव्यात तसं स्वच्छ वाचलं. हवं होतं तेच हाती आलं होतं, आणि तिला ते बघवेना.

शिंपीणआजींची खुर्ची ढकलत मावशी आत आल्या. आजी दारातूनच बोलायला लागल्या.

"अहो भोंगेबुवा, कुठं होतात? मी दारात बसून होते! दोनदा नाव पुकारलं तुमचं. मी म्हटलं येतायत, येतायत. तर ते म्हणाले मागणीदार हजर नाही, पुढच्या बैठकीला बघू. तीन महिने, बुवा! आणि मागणी मान्य होईपर्यंत गोळ्यांचं जुनंच चालू ठेवा म्हणाले, फुल्या वाढल्या तर जबाबदारी कुणाची म्हणे." मग त्या लेकीकडे वळल्या. "ताई, तू होतीस ना गं इथं?"

तिनं तोंड उघडलं, पण तो आधी बोलला.

"तिचा काही दोष नाही. तिनं हाका मारल्या, मीच उठलो नाही." आणि मग तो शब्द. "आळशी झालोय मी, आजी. दुसरं काय!"

"बाबा, असं नाही—"

"मावशी, माझी गोळी आजपासून पुन्हा लावा. पूर्वी होती तेवढी."

"बाबा, गोळी नको!" ती जवळजवळ किंचाळली. "तुम्ही पडाल. मी लिहिलंय ना सगळं. आणि मी हाका नाही मारल्या. आजी, मी उठवलंच नाही त्यांना. मुद्दाम नाही उठवलं."

भोंगेबुवांनी डोळे मिटून घेतले होते. या वेळी ते झोपलेले नव्हते, कुणालाही कळलं असतं. मावशी हातातला तक्ता उगाच खालीवर करत राहिल्या. शिंपीणआजींनी तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या डोळ्यांत. एवढी तरणी बाई असं का वागली असेल, एवढंच त्या समजून घेऊ बघत होत्या, आणि मग त्यांनी तेही सोडून दिलं.

"तुमचं बापलेकीचं काय असेल ते असो, ताई," त्या म्हणाल्या. "सातला अंथरुणात मला घालतात."

मग त्यांनी मावशींना सांगितलं, माझीही गोळी पूर्ण लिहा. मावशींनी दोघांची नावं लिहून घेतली आणि जेवणं गार होतायत म्हणून खुर्ची बाहेर वळवली.